गेटवेच्या अलीकडे आणि पलीकडे

नाशिकच्या बाहेर, त्र्यंबक रस्त्यापासून थोडं आत, एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नेटवर्क सांभाळायची. नव्वदच्या दशकात मी स्वतः शिकत होते तेव्हा इंटरनेट म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका सायबर कॅफेतला किंचाळणारा मोडेम. एक पान उघडेपर्यंत शेजारच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन येता यायचा. पुढच्या दहा वर्षांत मी त्याच विषयावर पोट भरायला लागले, आणि दोन हजारच्या दशकाच्या अगदी शेवटी आमच्याकडे मुलींचं नवं होस्टेल बांधून झालं. ही गोष्ट त्या होस्टेलच्या नेटवर्कची आहे.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे फक्त ‘सर’ म्हणायचे, एका कार्यशाळेहून परतले ते भारावूनच. इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला ओळखायला लागणारे जुन्या धाटणीचे आयपी पत्ते जगात संपत आलेत, आता नवे, लांबलचक पत्ते येणार, आणि आपलं नवं होस्टेल फक्त नव्या पत्त्यांवर चालवायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. गरज होती का? नव्हती. पण सरांना त्यावर शोधनिबंध लिहायचा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होती. रोज प्रिंटर जोडून देणं आणि पासवर्ड बदलून देणं यापेक्षा हे काम वेगळं होतं.

होस्टेलच्या रेक्टर मॅडमना माझ्या खोलीत बसवून सरांनी ते समजावलं होतं. मॅडम मूळच्या इतिहासाच्या प्राध्यापक. त्यांनी विचारलं, “पण सगळ्या साइट तर जुन्याच पत्त्यांवर आहेत ना? मग मुलींना दिसणार काय?”

“मध्ये एक गेटवे ठेवायचा,” सर म्हणाले. “भाषांतर करणारा. मुलीच्या कॉम्प्युटरने साइटचं नाव विचारलं, की आपला सर्व्हर त्या साइटचा जुना पत्ता शोधतो, त्याच्यापुढे आपला नवा भाग जोडतो आणि एक नवाच पत्ता तयार करून तिला देतो. तिचा कॉम्प्युटर त्या पत्त्यावर माहितीचं पाकीट पाठवतो. ते गेटवेपाशी येतं. गेटवे शेपटीतला जुना पत्ता काढतो, पाकीट जुन्या पद्धतीचं करतो, आणि स्वतःच्या नावाने पुढे पाठवतो.”

“स्वतःच्या नावाने?” मॅडमनी विचारलं.

“हो. कारण मुलीला जुना पत्ताच नाहीये. बाहेरच्या जगाला आपलं अख्खं होस्टेल म्हणजे एकच पत्ता, गेटवेचा.”

“मग उत्तर कुणाचं हे त्याला कसं कळतं?”

हे मी सांगितलं. गेटवे प्रत्येक संभाषणाला एक वेगळा पोर्ट नंबर देतो. कुठला नंबर कुणाचा हे स्वतःच्या मेमरीत ठेवतो, आणि संभाषण संपून काही मिनिटं गेली की ती नोंद पुसून तो नंबर दुसऱ्या कुणाला देतो. मॅडमनी मान हलवली. त्यांना समजलं होतं, आणि एवढा नेमका प्रश्न तोवर दुसऱ्या कुणी विचारलाही नव्हता.

आम्ही ते उभं केलं. गेटवेचं सॉफ्टवेअर तेव्हा जगभर प्रयोगातच होतं. सरांनी ते कुठून तरी उतरवून घेतलं आणि विभागातल्या एका जुन्या सर्व्हरवर चढवलं. ज्या मुलींच्या कॉम्प्युटरला नवे पत्ते जमत नव्हते त्यांच्या मशीनवर मी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. कुरबुरी झाल्या. साइटचं नाव न वापरता थेट आकड्यांचा जुना पत्ता लिहिला तर पान उघडायचंच नाही, कारण नाव विचारलंच नाही तर सर्व्हर नवा पत्ता बनवणार तरी कसा? काही खेळ चालेनात, चॅटची एक-दोन सॉफ्टवेअर रुसली. पण ईमेल, बातम्या, निकाल, आणि त्या वेळी ज्याच्यावर सगळ्या पडीक असायच्या ती मित्रमैत्रिणींची मोठी साइट, हे सगळं छान चालायचं. सरांच्या संशोधनाच्या लॅबमधले कॉम्प्युटरही याच गेटवेला जोडले होते.

अडचण आली ती फिल्टरची.

संस्थेने मुख्य इमारतीसाठी एक फिल्टरचा डबा घेतला होता. नको त्या साइटची यादी त्याच्यात होती, आणि कुणी काय उघडायचा प्रयत्न केला हेही तो लिहून ठेवायचा. मुख्य इमारतीत तो आतल्या बाजूला बसवलेला होता, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरचा आतला पत्ता त्याला दिसायचा. होस्टेललाही तसाच एक डबा हवा, असं सचिव साहेबांनी सांगितलं. सचिव म्हणजे संस्थेचा सगळा कारभार बघणारे गृहस्थ. कडक होते, पण वाईट नव्हते. दुसरा डबा आला, आणि मी तो तसाच आतल्या बाजूला, गेटवेच्या अलीकडे लावला.

आठवड्याभरात बातमी फुटली की मुलींच्या होस्टेलमध्ये सगळं उघडतं. मुख्य इमारतीत जे बंद, ते इथे मोकळं. मी डबा तपासला तर तो अगदी ठणठणीत होता, फक्त आंधळा होता. त्याला जुनेच पत्ते वाचता यायचे. नव्या पत्त्यांचं पाकीट आलं की ते आपलं नाहीच असं समजून तो तसंच पुढे जाऊ द्यायचा. बंद करायच्या साइटचा जुना पत्ता त्याच पाकिटावर, लांब पत्त्याच्या शेपटीत लिहिलेला असायचा. पण तिकडे बघायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. डबा विकणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, असं कुणी वापरतच नाही हो अजून.”

सचिव साहेब संतापले. “कोट्यवधींची इमारत बांधली आणि कुलूप नाही?”

आता एकच मार्ग होता. डबा गेटवेच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला हलवायचा. तिथे पाकिटं जुन्या पद्धतीची झालेली असतात. मी तो हलवला, आणि यादीतल्या साइट लगेच बंद झाल्या. पण त्याच्या अहवालात आता वापरणारा एकच दिसायला लागला. दोन मजले, सगळ्या खोल्या, सगळ्या मुली, आणि लॅबसुद्धा मिळून एकच माणूस: गेटवे. मी सरांना तसं स्पष्ट सांगितलं. आत ठेवला तर कोण आहे ते दिसेल पण कुठे चाललंय ते त्याला कळणार नाही. बाहेर ठेवला तर कुठे चाललंय ते कळेल पण कोण चाललंय ते नाही.

“आपल्याला साइट बंद करायच्या आहेत,” सर म्हणाले, “मुली पकडायच्या नाहीत.”

तेव्हा ते मला पटलं होतं. आजही ते चूक होतं असं मला वाटत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक तरुण प्राध्यापिका बसायची. वयाने माझ्याहून लहान, मला ‘ताई’ म्हणायची. दुपारचा डबा आम्ही एकत्रच खायचो. तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. एका सोमवारी ती आली तीच पांढरीफटक होऊन. बॅग खाली ठेवली नाही, बसली नाही. मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “ताई, सकाळपासून तीस फोन आलेत. अनोळखी पुरुषांचे.”

त्या मोठ्या साइटवर कुणीतरी तिच्या नावाने खोटं पान उघडलं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला तिचा फोटो, खाली तिचा मोबाइल नंबर, आणि जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. होणाऱ्या नवऱ्याच्या भावाने ते आधी पाहिलं होतं.

आम्ही दोघी पोलिसांकडे गेलो. तिथल्या उपनिरीक्षकांनी नीट ऐकून घेतलं, साइटच्या कंपनीला लिहिलं. पान निघायला काही दिवस लागले, पण निघालं. आणि बऱ्याच दिवसांनी उत्तरही आलं. ते पान ज्या आयपी पत्त्यावरून तयार झालं तो पत्ता, आणि रविवारची दुपारची वेळ. उपनिरीक्षक तो कागद घेऊन कॉलेजात आले. मी पत्ता वाचला, मग एकेक आकडा बोट ठेवून पुन्हा वाचला. तो माझ्या गेटवेचा होता.

“म्हणजे सापडलं ना?” माझी मैत्रीण म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता.

“नाही,” मी म्हणाले.

मी त्या दोघांना माझ्या खोलीच्या कोपऱ्यातल्या गेटवेसमोर उभं केलं. करड्या रंगाचं एक खोकं, त्याला दोन वायरी, एक पंखा. मी सांगितलं, की त्या दुपारी या वायरीने जे जे बाहेर गेलं ते सगळं याच एका पत्त्याने गेलं. आतलं कोण, हे या यंत्राला त्या क्षणी ठाऊक होतं, नाहीतर उत्तर परत पोचलंच नसतं. पण काही मिनिटांनी ते विसरलं. ते लिहून ठेवायची सोयच या सॉफ्टवेअरमध्ये अजून केलेली नाही.

“आणि फिल्टरचा डबा?” उपनिरीक्षकांनी विचारलं.

“त्याच्यात ती साइट उघडल्याची नोंद आहे. वेळही आहे. उघडणारा म्हणून या खोक्याचं नाव आहे.”

“लिहून ठेवलं असतं तर सापडलं असतं?”

“कंपनीने पोर्ट नंबरही दिला असता तर. नुसत्या पत्त्यावर आणि वेळेवर नाही. रविवारी दुपारी त्या साइटवर निम्मं होस्टेल असतं.”

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. पोर्ट नंबर नव्हता. “आमच्याकडे तो कुणी मागतच नाही,” ते प्रामाणिकपणे म्हणाले. “पत्ता मिळाला म्हणजे घर मिळालं असं आम्ही धरतो.” पोर्टसाठी पुन्हा लिहितो म्हणाले. त्यांनी लिहिलंही. त्याचं उत्तर आलं नाही.

उपनिरीक्षक गेल्यावर मैत्रीण म्हणाली, “ताई, तुझ्याच खोलीतून गेलं ना ते सगळं?”

“हो.”

“मग तुला कसं माहीत नाही?”

मी पुन्हा समजवायला लागले तशी तिने हात वर केला. “मला समजतंय. पण घरी जाऊन मी त्यांना हे सांगू? की खोक्याला माहीत होतं आणि ते विसरलं?”

त्या दिवसापासून आमचे जेवणाचे डबे वेगवेगळ्या वेळी उघडायला लागले.

कॉलेजने समिती नेमली. सचिव साहेब, रेक्टर मॅडम, सर, आणि तांत्रिक माहितीला मी. पहिल्याच बैठकीत सचिव म्हणाले, “पत्ता मुलींच्या होस्टेलचा. म्हणजे कुणीतरी मुलगीच.”

“साहेब, त्याच पत्त्याने सरांची लॅबही बाहेर जाते,” मी म्हणाले.

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत म्हणाले, “लॅब रविवारी बंद असते.”

लॅबची किल्ली तीन-चार प्रोजेक्टवाल्या मुलांकडे असायची, हे सरांना माहीत होतं आणि मलाही. मी तसं म्हणाले. सर म्हणाले, “त्या मुलांची मी खात्री देतो.” मग होस्टेलच्या मुलींची खात्री देणारं कोण, असा प्रश्न उरला. दोनशे मुलींची खात्री कुणी देईल?

नाव कुठून तरी यायचंच होतं. ते आलं प्राध्यापक-खोलीतून. शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती, नामपूरकडची. वडील एस.टी.त कंडक्टर. बुटकी, भराभर बोलणारी, बोलताना मध्येच ‘आहे’ऐवजी अहिराणीतलं ‘शे’ म्हणून जीभ चावणारी. लिनक्स टाकायला मी होस्टेलवर जायची तेव्हा दोन दिवसांत सगळं बघून घेऊन पुढच्या मजल्यावरचे कॉम्प्युटर तिनेच करून दिले होते. सहामाहीत टर्मवर्कच्या गुणांवरून तिची माझ्या मैत्रिणीशी वादावादी झाली होती. सगळ्या वर्गासमोर ती म्हणाली होती, “मॅडम, हे बरोबर नाहीये, मी वर जाईन.” ती वर गेलीही होती, आणि तिचे गुण वाढले होते.

भांडण झालेलं, कॉम्प्युटर येतो, होस्टेलवर राहते. समितीला एवढं पुरलं.

तिला बोलावलं. तिने सरळ सांगितलं, “त्या रविवारी मी खोलीत होते. ती साइट मी उघडली होती, सगळ्याच उघडतात. पण हे मी केलं नाही. त्या मॅडमशी मी भांडले ते तोंडावर भांडले.”

सचिव माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा. ही नव्हती, असं मशीनवरून सांगता येतं?”

“नाही येत.”

“ही होती असं?”

“तेही नाही येत.”

“मग तुम्ही इथे कशाला बसला आहात?”

मी समोरच्या फळ्यावर खडूने गेटवेचं चित्र काढलं, अलीकडे खूप रेघा, पलीकडे एकच रेघ. म्हणाले, या एका रेघेवरून मागे जाता येत नाही, कुणालाच. मी बोलत असताना ती मुलगी ते चित्र बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत ते पूर्ण समजणारी सर सोडून तीच एकटी होती. तिला कळत होतं की तिला सोडवणारं त्या चित्रात काहीच नाही.

उपनिरीक्षकांनी सांगितलं होतं की साइट बंद करू नका, पुन्हा कुणी काही केलं तर या वेळी सापडेल. म्हणून मी गेटवेच्या आतल्या बाजूला एक वेगळा कॉम्प्युटर जोडला. कुठला नवा पत्ता, कुठल्या वेळी, शेपटीतल्या कुठल्या जुन्या पत्त्याकडे जातोय, एवढं तो टिपायचा. सचिवांनी मात्र दुसरंच सांगितलं. “ते चालू ठेवा. पण तिची वायर आजच काढा.”

“साहेब, मग ती असेल तर सापडणार कशी?”

“आणखी बदनामी झाली तर जबाबदारी कुणाची? काढा.”

फिल्टरच्या डब्यातून तिला एकटीला बंद करणं शक्यच नव्हतं, तिथे एकटी अशी कुणी नव्हतीच. तिथला तो एकच पत्ता बंद केला असता तर अख्खं होस्टेल बंद झालं असतं. म्हणून मी तिच्या मजल्यावर सगळ्या खोल्यांच्या वायरी जोडलेल्या स्विचपाशी गेले आणि तिच्या खोलीची वायर हाताने उपसली. ती आपल्या खोलीच्या दारात उभी होती. “मॅडम, मी मदत करू का?” तिने विचारलं. ती चिडून म्हणाली की खरंच म्हणाली हे मला त्या वेळीही कळलं नाही.

मग आम्ही वाट पाहिली. मी रोज सकाळी तो टिपणारा कॉम्प्युटर उघडायची. कुठल्याही एका मिनिटाला त्या साइटकडे जाणाऱ्यांचे पत्ते मोजायला घेतले की मध्येच सोडून द्यावंसं वाटायचं, इतके असायचे. पुन्हा तसं काहीच झालं नाही. खोटं पान आलं नाही, फोन कमी होत होत थांबले. मी मनातून वाट बघत होते की कुणीतरी पुन्हा करावं. माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला ते पुन्हा यावं, असं मी मागत होते. त्या मुलीला सोडवायचा दुसरा कुठलाच मार्ग मला दिसत नव्हता.

दुसऱ्या बैठकीत सचिव म्हणाले, “बघा. तिची वायर काढली आणि सगळं थांबलं.”

मी जवळजवळ ओरडले. “साहेब, पोलीस आल्याचं सगळ्या कॉलेजला माहीत आहे. ज्याने केलं तो कशाला पुन्हा करेल?”

“शक्य आहे,” ते म्हणाले. “पण हेही शक्य आहे ना? तुम्ही नाही म्हणू शकता?”

मी सरांकडे पाहिलं. एवढंच सांगायचं होतं त्यांनी, की शांतता हा पुरावा होत नाही. सर म्हणाले, “तांत्रिकदृष्ट्या दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत.” वाक्य अगदी बरोबर होतं.

रेक्टर मॅडमनी मात्र त्या दिवशी सही करायला नकार दिला. “मी इतिहास शिकवते,” त्या म्हणाल्या, “पुरावा नसला की आम्ही ‘माहीत नाही’ असं लिहितो.” तडजोड म्हणून ठरावात तिला दोषी म्हटलं नाही. फक्त ‘होस्टेलच्या शिस्तीच्या दृष्टीने’ तिने होस्टेल सोडावं, असं लिहिलं. नामपूर शंभर किलोमीटरच्या वर. होस्टेल सोडायचं म्हणजे कॉलेज सोडायचं, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं.

तिचे वडील आले ते ड्यूटीवरून तसेच, खाकी कपड्यात, खांद्याला चामड्याची बॅग. सचिवांकडे त्यांना पाच मिनिटं मिळाली. मग ते मला शोधत माझ्या खोलीत आले. दारात चपला काढल्या. मी नको म्हणाले तरी काढल्या.

“ताई, तुम्हीच ते मशीन बघता ना?”

“हो.”

“मनी पोरनी करं का हाई?” ते म्हणाले, आणि मग सावरून, “माझ्या मुलीनं केलं का ते?”

“मला नाही वाटत.”

“वाटत नाही म्हणजे? मशीनमध्ये दिसत नाही का?”

“नाही दिसत, काका. कुणाचंच दिसत नाही.”

त्यांनी गेटवेकडे पाहिलं. पंखा फिरत होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. “मग तिचंच नाव कसं दिसलं?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर माहिती हवी होती, तिकीट कुठून कुठपर्यंत विचारावं तशी. मी म्हणाले, नाव मशीनने दिलं नाही, माणसांनी दिलं. ते “बरं” म्हणाले आणि चपला घालायला वाकले.

मी त्या दोघांबरोबर जुन्या सीबीएस बसस्थानकापर्यंत गेले. रिक्षात तिचा कॉम्प्युटर आमच्या दोघींच्या मांडीवर होता, चादरीत गुंडाळलेला. त्यांच्या घराकडे जाणारी सटाण्याची गाडी लागायला वेळ होता. वडील ओळखीच्या ड्रायव्हरशी बोलायला गेले. ती म्हणाली, “मॅडम, एक विचारू? तुम्हाला काय वाटतं? मी केलं?”

“तू नाही केलंस.”

“पण तुम्हाला माहीत नाहीये.”

“नाही. माहीत नाहीये.”

तिने मान डोलावली. “मी तुमच्या जागी असते तर मलाही माहीत नसतं,” ती म्हणाली. “आत एक टिपणारा कॉम्प्युटर आधीपासून असता तरी पोर्टशिवाय काही झालं नसतं. मी खूप विचार केला. कुठूनही सुटत नाही ते.” एखादं गणित मांडून दाखवावं तसं ती बोलत होती. मग गाडी लागली, तिने कॉम्प्युटर उचलला आणि वडिलांच्या मागे चढली.

तिला धुळ्याकडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला, एक वर्ष वाया गेलं. एवढं मला रेक्टर मॅडमकडून कळलं. त्याच मॅडमनी तिच्यासाठी तिथल्या प्राचार्यांना फोन केला होता.

माझ्या मैत्रिणीचं लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं गेलं आणि मग झालं. पण ज्या घरात ती गेली तिथे त्या पानाचा विषय कधी संपला नाही, असं तिच्या बहिणीने मला एकदा सांगितलं. दोषी म्हणून तिला ती मुलगीच हवी होती असं नाही. कुणीतरी हवं होतं. “मुलगी गेली, आता झालं ना?” असं कुणीतरी तिला म्हणालं तेव्हा ती म्हणाली होती, “तीच होती का पण?” मला हे तिने स्वतः सांगितलं नाही. मी ऐकलं. नोकरी सोडताना तिने टेबलाचे खण रिकामे केले, माझं एक पेन आणि स्टीलचा एक चमचा माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि “येते” म्हणाली.

पुढच्या सत्रात संस्थेने होस्टेल जुन्या पत्त्यांवर आणायला सांगितलं. सरांनी विरोध केला नाही, त्यांचा निबंध छापून आला होता. त्यात गेटवेतून किती साइट नीट उघडल्या याचं सुंदर कोष्टक होतं. फिल्टरवर एक परिच्छेद होता: गाळणी भाषांतराच्या आत ठेवावी की बाहेर, यावर अधिक अभ्यासाची गरज आहे.

नवी वायरिंग एका शनिवारी झाली. प्रत्येक खोलीला आतला जुना पत्ता, फिल्टरचा डबा परत आतल्या बाजूला, आता प्रत्येकीचं सगळं दिसणार. खेळ पुन्हा चालायला लागले म्हणून वरच्या मजल्यावर मुली टाळ्या वाजवत होत्या. मी गेटवेची वायर काढून तो बंद केला. पंखा थांबायला थोडा वेळ लागला. ते खोकं मी विभागाच्या भांडारात नेऊन दिलं. भांडारपालाने विचारलं, “चालू आहे की बिघडलंय?”

“चालू आहे,” मी म्हणाले. “कधी बिघडलंच नाही.”

त्याने चिठ्ठी चिकटवली आणि ते फळीवर सरकवलं. मी खाली उतरले, हात धुतले. कॅन्टीनमध्ये रेक्टर मॅडम एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.